परदेशात मशीन विचारते, रुपये की तिथलं चलन? कार्डाच्या बिलातले आकडे कसे वाचायचे

प्रश्न: भाऊ, आम्ही वरूडकडचे संत्रा बागायतदार गटाने थायलंडला जाऊन आलो. बँकॉकच्या हॉटेलात माझं ६,४०० बाटचं बिल झालं. मशीनवर रुपये की बाट असं विचारलं, म्हणून मी आपले रुपये दाबले. पावती १८,३१६.८० रुपयांची निघाली. आता क्रेडिट कार्डाच्या बिलात त्याच्याखाली १८३.१७ आणि ३२.९७ असे आणखी दोन आकडे आहेत. सोबतच्या काकाजींकडे त्याच बँकेचं तेच कार्ड आहे. त्यांनी त्याच दिवशी तेवढंच बिल बाटमध्ये भरलं, तर त्यांना सगळे मिळून १७,९९३.६६ पडले. कार्डाच्या माहितीपत्रात परदेशी मार्कअप साडेतीन टक्के लिहिला आहे. मी रुपयातच पैसे दिले तर मला परदेशी चार्ज कशाचा? आणि पुढच्या वेळी काय दाबायचं?

उत्तर: पुढच्या वेळी बाट दाबा. ज्या देशात उभे आहात त्या देशाचं चलन निवडायचं, मग ते थायलंड असो, दुबई असो की व्हिएतनाम. याला अपवाद निघू शकतो आणि तो कसा ओळखायचा ते पुढे सांगतो. पण आधी तुमचे आणि काकाजींचे आकडे शेजारी ठेवून बघू, कारण दोघांचं कार्ड, दिवस आणि बिल एकच असल्यामुळे फरक कुठून आला हे त्यांतून स्वच्छ दिसतं.

काकाजींपासून सुरुवात करतो. त्यांनी बाट निवडले तेव्हा हॉटेलाच्या मशीनने ६,४०० बाट हीच रक्कम पुढे पाठवली. तिचे रुपये व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांनी, म्हणजे कार्डावर ज्या नेटवर्कचा छाप असतो त्याने केले. ही नेटवर्क प्रत्येक चलनाचा रोजचा दर ठरवतात आणि तो मोठ्या बँका आपसात ज्या भावाने चलन घेतात-विकतात त्याच्या जवळपास असतो. या दरात तुमच्या बँकेचा हात नसतो. बँक आपला वाटा त्यानंतर वेगळा लावते. त्यालाच मार्कअप म्हणतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. जीएसटी पूर्ण बिलावर नसून फक्त मार्कअपच्या रकमेवर असतो, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. म्हणून साडेतीन टक्के मार्कअप हातात पडताना ४.१३ टक्के होतो. दोन टक्क्यांचा २.३६ होतो.

आता काकाजींची रक्कम उलटी सोडवू. १७,९९३.६६ ला १.०४१३ ने भागलं की बरोबर १७,२८० येतात. १७,२८० ला ६,४०० ने भागलं की २.७० येतात. म्हणजे त्या दिवशी नेटवर्कने एका बाटला दोन रुपये सत्तर पैसे लावले. १७,२८० वर साडेतीन टक्क्यांनी ६०४.८० रुपये मार्कअप झाला, त्यावर १०८.८६ रुपये जीएसटी लागला आणि हिशेब जुळला. काकाजींना एकूण ७१३.६६ रुपये जादा पडले आणि ते सगळे बँकेच्या माहितीपत्रात आधीच छापलेल्या नियमाने पडले.

तुमच्या बिलात वेगळंच घडलं. रुपये दाबताच रूपांतर थेट हॉटेलाच्या मशीनवरच झालं. तिथला दर नेटवर्कने किंवा तुमच्या बँकेने लावला नव्हता. तो हॉटेलाला मशीन देणाऱ्या तिकडच्या बँकेने किंवा तिने नेमलेल्या चलन बदलणाऱ्या कंपनीने लावला. या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, बँकांच्या कागदांत ती DCC अशी छापलेली सापडेल. १८,३१६.८० ला ६,४०० ने भागा, २.८६२ येतात. नेटवर्कच्या २.७० पेक्षा हा दर ६ टक्क्यांनी चढा आहे. या सहा टक्क्यांतला हिस्सा मशीनवाली बँक, चलन बदलणारी कंपनी आणि बहुतेक वेळा हॉटेल अशा तिघांत वाटला जातो. काउंटरवरची मुलगी रुपयांचं बटण पुढे करते ते याचमुळे. कळमन्याच्या बाजारात एखादा व्यापारी 'अडत नाही, कटती नाही' म्हणतो आणि भावच खाली पाडतो, तसाच हा व्यवहार आहे. पावतीवर वेगळं शुल्क दिसत नाही, कारण ते दराच्या आत बसलेलं असतं.

आता १८३.१७ आणि ३२.९७ या आकड्यांकडे येऊ. १८,३१६.८० चा एक टक्का म्हणजे १८३.१७, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३२.९७. तुमच्या बँकेच्या दृष्टीने रुपयात झाला तरी हा परदेशातलाच व्यवहार आहे. दुकानदार परदेशातला आहे, त्याची बँक परदेशातली आहे आणि पैसे नेटवर्कमधून सीमा ओलांडून गेले आहेत. त्यासाठी नेटवर्क बँकेकडून शुल्क घेतं आणि बँक ते ग्राहकावर टाकते. तुमच्या बँकेने एक टक्का लावला. काही बँका दीड टक्का लावतात, काही पूर्ण मार्कअपच लावतात. माहितीपत्रात हे मार्कअपच्या ओळीत नसतं. 'परदेशात भारतीय रुपयात केलेले व्यवहार' किंवा DCC अशी त्याची वेगळी ओळ असते, ती शोधून वाचा.

तर तुम्हाला एकूण १८,५३२.९४ रुपये पडले, म्हणजे काकाजींपेक्षा ५३९.२८ रुपये जास्त. बँक पूर्ण साडेतीन टक्के लावणारी असती तर तुमचा आकडा १९,०७३.२८ झाला असता आणि फरक हजाराच्या वर गेला असता. आणि कोणाकडे मार्कअप न लावणारं कार्ड असेल तर त्याने रुपये दाबून सगळ्यांत जास्त गमावलं असतं, कारण बाट निवडले असते तर त्याचं काम १७,२८० रुपयांत झालं असतं. कार्ड जितकं चांगलं तितकं रुपयांचं बटण महाग पडतं.

अपवाद असा. मशीनवर दोन्ही रकमा आणि दर दिसतो. तुमच्या कार्डावर बाट निवडले तर एका बाटला २.७० गुणिले १.०४१३, म्हणजे २.८१ रुपये पडतात. रुपये निवडले तर मशीनच्या दरावर बँकेचा एक टक्का आणि त्याचा जीएसटी मिळून १.१८ टक्के चढतात. म्हणजे मशीनचा दर २.७८ च्या खाली असेल तरच रुपयांचा सौदा तुमच्या फायद्याचा. मशीनवाल्याने नेटवर्कच्या दरावर तीन टक्क्यांपेक्षाही कमी घेतले तरच हे होतं, आणि तसं सहसा होत नाही. काउंटरवर घाईत हा भागाकार करत बसण्यापेक्षा स्थानिक चलन हा सरळ नियम ठेवलेला बरा.

नेटवर्कचा त्या दिवसाचा दर तुम्ही स्वतः बघू शकता. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्या संकेतस्थळांवर चलनाचं कॅल्क्युलेटर आहे. त्यात तारीख, दोन्ही चलनं आणि रक्कम टाकायची. बँकेच्या शुल्काचा एक रकाना असतो, त्यात ० भरायचा, म्हणजे निव्वळ नेटवर्कचा दर मिळतो. मग कार्डाच्या बिलातली शेवटची एकूण रक्कम भागिले बाट असा तुमचा खरा दर काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. काही बँका मार्कअप वेगळ्या ओळीत दाखवतात, काही तो मूळ रकमेतच मिसळून टाकतात, विशेषतः डेबिट कार्डावर. तेव्हा पासबुकात एकच आकडा दिसतो आणि काहीच कापलं नाही असा समज होतो. भागाकार केला की लपलेला मार्कअप बाहेर येतो.

तारखेच्या बाबतीत एक जपा. कार्ड लावलं त्या क्षणी फोनवर येणारा मेसेज हा अंदाजी आकडा असतो. तेव्हा बँक फक्त रक्कम राखून ठेवते. दुकानदाराची बँक व्यवहार पक्का करून पाठवते त्याला एक ते तीन दिवस लागतात, सुट्टी आली तर अधिक. पुष्कळदा दर त्या पक्क्या झालेल्या दिवसाचा लागतो. म्हणून मेसेजमधला आणि बिलातला आकडा चाळीस-पन्नास रुपयांनी इकडेतिकडे झाला तर ती चूक नव्हे. कॅल्क्युलेटरमध्ये एक-दोन दिवस पुढची तारीख टाकून बघा, बहुधा तिथे जुळेल. पाच-सहा टक्क्यांचा फरक मात्र तारखेने पडत नाही. तसा दिसला की रुपयातलं रूपांतर झालं असं समजा.

आता काउंटरवर काय करायचं ते. कार्ड देतानाच 'बाट, नो रुपीज' एवढं बोला. हे इंग्रजी कुठेही समजतं. मशीन शक्यतो आपल्या हातात घ्या, कारण बटण काउंटरवरचा माणूसच परस्पर दाबून टाकतो अशी तक्रार सगळ्यांत जास्त असते. नेटवर्कच्या नियमाने ही निवड ग्राहकाची आहे आणि ती विचारल्याशिवाय रुपये लावता येत नाहीत. पडद्यावर THB आणि INR अशी दोन नावं दिसतात, त्यातलं THB दाबा. पिन टाकण्याआधी पडद्यावरची रक्कम वाचा. हॉटेलाचं बिल ६,४०० असताना तिथे अठरा हजारांचा आकडा दिसला तर रुपये लागलेले आहेत. पिन टाकू नका, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा.

पिन टाकून झाला आणि पावतीवर INR छापून आलं, तरी काउंटरवरून हलू नका. त्याला व्यवहार 'व्हॉइड' करायला सांगा आणि बाटमध्ये पुन्हा कार्ड लावा. हा शब्द नीट वापरा. व्हॉइड म्हणजे मूळ व्यवहारच रद्द, तो दुकानदाराचा त्या दिवसाचा हिशेब बँकेला जाण्याआधीच होतो आणि तुमच्या खात्यावर काहीच लागत नाही. 'रिफंड' ही वेगळी गोष्ट आहे. रिफंडमध्ये पहिला व्यवहार कायम राहतो आणि उलट दिशेने दुसरा नवा व्यवहार होतो, त्याला त्या दिवसाचा वेगळा दर लागतो आणि पहिल्या वेळी घेतलेला मार्कअप बहुतेक बँका परत देत नाहीत. याच कारणाने हॉटेलाची अनामत कार्डावर देताना विचारून घ्या की रक्कम नुसती रोखून ठेवणार की कापून नंतर परत करणार. रोखलेली रक्कम सुटली की काही जात नाही. कापून परत केलेल्या २,००० बाटवर मात्र २.७० च्या दराने सव्वादोनशे रुपयांच्या आसपास मार्कअप आणि जीएसटी तुमच्या गळ्यात राहतो. अनामत रोख घेत असतील तर रोखच द्या.

एटीएमवर हाच प्रश्न वेगळ्या भाषेत येतो आणि तिथे लोक जास्त घाबरतात. थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी साधारण २२० बाट स्थानिक शुल्क लागतं. ते पडद्यावर आधी दाखवतात, आणि पैसे काढायचे तर ते मान्य करावंच लागतं. त्यानंतर दुसरा पडदा येतो, त्यावर रुपयांचा दर दाखवून Accept conversion आणि Decline conversion असे पर्याय असतात, किंवा With conversion आणि Without conversion असं लिहिलेलं असतं. इथे Decline किंवा Without दाबायचं. Decline वाचून वाटतं की व्यवहारच बंद होईल, म्हणून माणूस Accept दाबतो. व्यवहार बंद होत नाही. नकार फक्त त्यांच्या दराला असतो, नोटा बाहेर येतातच.

एटीएमवर ठरावीक शुल्कं असतात, म्हणून थोडे थोडे पैसे काढणं अंगावर येतं. समजा तुमच्या डेबिट कार्डावर मार्कअप साडेतीन टक्के आहे आणि परदेशी एटीएमसाठी बँक दर वेळी १५० रुपये अधिक जीएसटी घेते. १०,००० बाट काढले तर खात्यातून १०,२२० बाटचे २७,५९४ रुपये, मार्कअप ९६५.७९, त्याचा जीएसटी १७३.८४ आणि बँकेचे १७७, असे २८,९१०.६३ जातात. दहा हजार बाटची निव्वळ किंमत २७,००० होती, म्हणजे सात टक्के जादा. त्याच हिशेबाने फक्त २,००० बाट काढले तर ५,४०० रुपयांच्या नोटांसाठी ६,४१८.५५ जातात, जवळपास १९ टक्के जादा. म्हणून गटात चौघांनी चार वेळा काढण्यापेक्षा एकाने एकदाच काढून वाटून घेणं परवडतं. क्रेडिट कार्डाने मात्र एटीएममधून पैसे काढू नका, तिथे रोख उचलीचं वेगळं शुल्क आणि त्याच दिवसापासून व्याज लागतं.

निघण्याआधीची तयारी थोडकीच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून मिळतात. परदेशी वापर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो, दुकानातला आणि एटीएमचा वेगवेगळा, आणि मर्यादाही तिथेच ठरवता येते. किसान क्रेडिट कार्ड घेऊन जाण्याचा विचार काही जण करतात. ते पीककर्जाच्या खात्याचं कार्ड आहे, त्याला परदेशी खर्चाचं क्रेडिट कार्ड समजू नका. रुपे कार्ड असेल तर ते परदेशात चालणाऱ्या प्रकारातलं आहे का, हे शाखेत विचारा. तसं असेल तर ते तिकडे डिस्कव्हर आणि डायनर्स यांच्या जाळ्यावर चालतं, ज्या मशीनवर ती घेतात तिथेच. शाखेत 'चार्ज किती' असं मोघम विचारलं तर 'तीन-साडेतीन टक्के' एवढंच उत्तर येतं. तीन गोष्टी वेगळ्या विचारा: परदेशी चलनाचा मार्कअप किती, परदेशात रुपयात व्यवहार झाला तर किती, आणि परदेशी एटीएमचं ठरावीक शुल्क किती.

डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड नेणार असाल तर इतकं लक्षात घ्या की त्यावर बाटमध्ये खर्च केला की डॉलरमधून बाटमध्ये आणखी एक रूपांतर होतं आणि बहुतेक कार्डांवर त्याचं वेगळं शुल्क लागतं. त्या देशाचं चलन त्या कार्डावर भरता येत असेल तरच त्याचा उपयोग.

घरी बसून हॉटेल किंवा सहल आरक्षित करतानाही हे बटण लपलेलं असतं. संकेतस्थळ परदेशी कंपनीचं असेल आणि भाव रुपयात दाखवत असेल, तर कार्ड गावातूनच वापरलं तरी बँक त्याला परदेशातला रुपयातला व्यवहार मानते आणि तो एक टक्का लावते. कंपनी भारतात नोंदलेली असून पैसे भारतातच घेत असेल तर लागत नाही. शंका असेल तर आधी एखादी लहान रक्कम भरून बघा आणि बिलात त्याखाली जादा ओळ येते का ते तपासा.

तुमच्या या बिलाबद्दल सांगायचं तर, रुपये तुम्ही स्वतः दाबले असल्यामुळे तक्रार टिकणार नाही. मशीनने दर दाखवला होता आणि तुम्ही तो स्वीकारला, असंच हॉटेलाची बँक म्हणेल. बँकेचे १८३.१७ आणि ३२.९७ हे माहितीपत्रात छापलेल्या टक्क्याशी जुळतात का तेवढं पाहा. न जुळल्यास बँकेला लेखी विचारा. तुमच्या गटात कोणाला न विचारताच रुपये लावले असतील तर त्याची गोष्ट वेगळी. त्याने पावतीची प्रत, मूळ बाटमधलं बिल आणि कार्डाच्या बिलातली ओळ जोडून बँकेकडे 'चुकीचं चलन, संमतीशिवाय DCC' असा वाद नोंदवावा. व्हिसाच्या नियमात या वादाला स्वतंत्र क्रमांक आहे, 12.3. काउंटरवरच्या माणसाला तो माहीत नसला तरी कार्ड विभागाला असतो. हे लवकर करा, कारण वाद नोंदवण्याला मुदत असते आणि अशा मशीनच्या पातळ कागदावरची शाई दोन-तीन महिन्यांत उडते. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक मात्र तिथे द्यावा लागतो, म्हणून फोनवर बोलून थांबू नका, ईमेल किंवा पोच घेतलेला अर्ज असू द्या.